सूचनेतला एक बॅकस्लॅश फलकावर सात कसा झाला?

ग्रंथपाल

नमस्कार. धरमपेठेतल्या एका लहान वाचनालयाचे काम मी पाहते. आमच्या सूचना एकाच ठिकाणी लिहिल्या जातात आणि तिथून तीन ठिकाणी जातात: संकेतस्थळावर, सभासदांना एसएमएसने आणि दाराशी लावलेल्या एलईडी फलकावर. लिहिण्याच्या खिडकीत वर ठळक, तिरपे, यादी अशी बटणे आहेत. मजकूर मात्र मार्कडाउनमध्ये, म्हणजे ठळक, तिरपे असे सगळे साध्या चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धतीत, साठवला जातो, असे ती व्यवस्था बसवून देणाऱ्यांनी सांगितले होते.

जुलैमध्ये सभासद-अर्जाची सूचना लावली. संकेतस्थळावर ती अगदी नीट दिसत होती, पण फलकावर `sadasya\_arj.pdf` असे आले. मधली तिरपी रेघ मी टाकलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात सहकाऱ्याने त्याच सूचनेतली फक्त वेळ बदलली, तेव्हा फलकावर तीन रेघा आल्या आणि संकेतस्थळावरही एक दिसू लागली. काल मी शुल्काची ओळ दुरुस्त केली, तर फलकावर सात रेघा आणि संकेतस्थळावर तीन. साठवलेला मजकूर आज प्रथमच उघडून पाहिला. तो असा आहे:

```
अर्ज: /arj/sadasya\\\\\\\_arj.pdf
```

यात खरा त्रास एका वृद्ध सभासदांना झाला. त्यांनी फलकावरचा पत्ता, त्यावर एकच रेघ होती तेव्हा, वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला आणि घरी जाऊन नातवाकडून टंकून पाहिला. पान सापडले नाही. ते भर उन्हात परत आले आणि माझ्या टेबलाशी वही उघडून उभे राहिले. त्या वहीत ती तिरपी रेघ त्यांनी किती निगुतीने काढली होती, हे पाहून मला फार वाईट वाटले.

माझे दोन प्रश्न आहेत. या रेघा कोण टाकते, आणि मूळ मजकुरातून मी त्या हाताने पुसून टाकल्या तर चालेल का?

महालवाला

ताई, तो बॅकस्लॅश आहे. मार्कडाउनमध्ये तारा, अंडरस्कोअर, चौकटी कंस अशा चिन्हांना खास अर्थ असतो. ते चिन्ह साधे चिन्ह म्हणूनच दिसावे असे वाटत असेल, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश देतात. संकेतस्थळाला ही खूण कळते, म्हणून ते बॅकस्लॅश गिळून फक्त अंडरस्कोअर दाखवते. फलकाला मार्कडाउन कळत नाही, त्यामुळे तो आलेले प्रत्येक अक्षर तसेच छापतो. फलकाकडे पाठवण्याआधी मजकुरातले सगळे बॅकस्लॅश काढून टाकणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालून घ्या. इतकेच करायचे आहे.

मुद्रितशोधक

मला हा कळफलकाचा प्रश्न वाटतो. आपण इनस्क्रिप्ट मांडणीत टंकत असाल, तर बॅकस्लॅशच्या कळीवर आपल्याकडे `ॉ` ही मात्रा असते. 'ऑ' या अक्षरासाठी तीच कळ शिफ्टसह दाबली जाते. मराठी मांडणीतून इंग्रजीत जाऊन परत येण्याच्या घाईत अनेकांकडून नको तिथे बॅकस्लॅश पडतो. मी गेली अनेक वर्षे मुद्रिते तपासतो आणि ही चूक माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

ग्रंथपाल

मुद्रितशोधक काका, आपण सांगितलेली गोष्ट मी पडताळून पाहिली. पण पत्त्याची ती ओळ मी पूर्ण इंग्रजी मांडणीत टंकली होती, आणि सहकाऱ्याने तर त्या ओळीला हातही लावलेला नव्हता.

महालवाला भाऊ, तुमचे कारण पटले. पण एकाचे तीन आणि तिनाचे सात का झाले, हे त्याने उलगडत नाही. शिवाय आता तर संकेतस्थळही तीन रेघा दाखवते आहे.

लिपिकार

ग्रंथपालताई, तुम्ही आकडे नीट टिपून ठेवलेत हे फार बरे झाले, कारण निदान त्या आकड्यांतच आहे. एक, तीन, सात. याच चालीने आणखी एकदा जतन केले असते, तर पंधरा झाले असते.

असे पाहा. बटणांची खिडकी तुमच्याकडून मार्कडाउन घेत नाही, ती साधा मजकूर घेते आणि साठवताना त्याचे मार्कडाउन करते. तुम्ही `sadasya_arj` लिहिले. त्यातल्या अंडरस्कोअरमुळे कुठे तिरपे अक्षर होऊ नये, म्हणून खिडकीने स्वतःहून बॅकस्लॅश जोडला. इथवर तिचे काम बरोबर आहे. पुढची पायरी अशी असायला हवी की दुरुस्तीसाठी सूचना उघडताना साठवलेले मार्कडाउन वाचून त्याचा पुन्हा साधा मजकूर केला जावा, म्हणजे बॅकस्लॅश उतरवला जावा. तुमच्याकडे ती पायरी वगळली गेली आहे. साठवलेले `\_` जसेच्या तसे खिडकीत आले आणि खिडकीला वाटले की बॅकस्लॅश आणि अंडरस्कोअर ही दोन्ही चिन्हे माणसाने लिहिली आहेत. दोन्ही जपायची, तर बॅकस्लॅशच्या आधी एक बॅकस्लॅश आणि अंडरस्कोअरच्या आधी एक. असे तीन झाले. पुढच्या वेळी त्या तिघांचे सहा आणि अंडरस्कोअरसाठी एक, म्हणून सात.

```
_            मूळ
\_           पहिले जतन
\\\_         दुसरे जतन
\\\\\\\_     तिसरे जतन
```

संकेतस्थळ काय करते तेही याच हिशेबात बसते. ते डावीकडून वाचत जाते आणि एका वेळी एकच थर उतरवते. सातांपैकी पहिल्या सहांच्या तीन जोड्या होतात, प्रत्येक जोडीचा एक दिसणारा बॅकस्लॅश होतो, आणि सातवा अंडरस्कोअरला साधे करून नाहीसा होतो. म्हणून फलकावर सात असताना संकेतस्थळावर तीन. फलकावर तीन होते तेव्हा तिथे एक होता आणि फलकावर एक होता तेव्हा तिथे एकही नव्हता. तुमची जुलैपासूनची सगळी निरीक्षणे यात जुळतात.

म्हणजे तुमच्याकडे दोष दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. फलकाला मार्कडाउनच पाठवले जाते, हा पहिला. तो पहिल्या दिवसापासून होता. दुरुस्तीसाठी उघडताना थर उतरवला जात नाही, हा दुसरा. तो सहकाऱ्याने वेळ बदलली त्या दिवशी उघडा पडला. पहिला दोष संकेतस्थळ पाहून कधीच कळला नसता.

ऑरेंजसिटी

हे वाचून माझ्याच कामातली एक गाठ सुटली. आमच्या प्रतापनगरातल्या वसाहतीच्या पाण्याच्या वेळा मी टेलिग्रामवर एका छोट्या बॉटमार्फत पाठवतो. तिथल्या `MarkdownV2` पद्धतीत पूर्णविराम आणि साधी आडवी रेघसुद्धा बॅकस्लॅशशिवाय चालत नाही. '6.30 - 8.00' असे लिहिले की संदेश जात नाही आणि उत्तर येते:

```
Character '.' is reserved and must be escaped with the preceding '\'
```

म्हणून मी मजकूर तयार होतो त्याच जागी सगळी चिन्हे बॅकस्लॅशने बांधून टाकली. टेलिग्रामवर उत्तम दिसू लागले. पण तोच मजकूर ज्यांच्याकडे साधे फोन आहेत अशा घरांना एसएमएसने जातो, आणि त्यांना `6\.30 \- 8\.00` असे मिळत होते. एका आजींना वाटले की सहा वाजून तीस मिनिटांची वेळ खोडून टाकली आहे, म्हणून त्यांनी त्या दिवशी पाणी भरलेच नाही. या गोष्टीची मला अजून चुटपुट लागून आहे.

लिपिकार

ऑरेंजसिटी भाऊ, तुमच्याकडे एकच दोष आहे: बॅकस्लॅश फार आधी लावला जातो. मजकूर शेवटपर्यंत साधा ठेवा आणि टेलिग्रामकडे जाण्याच्या अगदी दारात बांधा. एसएमएसचे दार वेगळे आहे, तिथे काहीच बांधायचे नाही.

```
def telegram_sathi(s):
    return re.sub(r'([_*\[\]()~`>#+\-=|{}.!\\])', r'\\\1', s)
```

यादीच्या शेवटी खुद्द बॅकस्लॅश आहे, तो विसरू नका. अनेकांच्या यादीत तो नसतो. मग दोनदा बांधलेला अंडरस्कोअर `\\_` असा होतो, म्हणजे एक दिसणारा बॅकस्लॅश आणि त्यामागे मोकळा सुटलेला अंडरस्कोअर. अशा यादीत आकडे एक, दोन, तीन असे एकेकाने वाढतात. ताईंचे आकडे एक, तीन, सात असे वाढले, त्यावरूनच मला कळले की त्यांची खिडकी बॅकस्लॅशलाही बांधते. बांधण्याची तिची रीत बरोबर आहे, फक्त ती एकदाऐवजी तीनदा लागू झाली.

आणि ताई, एसएमएसचे बिल एकदा पाहून घ्या. देवनागरी संदेशात एका भागात 70 अक्षरे मावतात, आणि त्याहून एक अक्षर जरी वाढले तरी संदेशाचे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्यात 67 उरतात. 69 अक्षरांच्या सूचनेत तीन बॅकस्लॅश शिरले की ती 72 अक्षरांची होते आणि एकाऐवजी दोन संदेशांचे पैसे लागतात.

ग्रंथपाल

बिल पाहिले. ही सूचना दुसऱ्या आठवड्यापासून दोन भागांत जाते आहे. वेळ बदलताना मजकूर उलट एका अक्षराने कमी झाला होता, त्यामुळे दुसरे काही कारण दिसत नाही.

मी धीर करून साठवलेल्या मजकुरातले सगळे बॅकस्लॅश हाताने पुसले. अर्जाचा पत्ता तिन्ही ठिकाणी नीट आला. पण त्याच सूचनेतली, शेवटच्या दुरुस्तीत मी नव्याने टंकलेली शुल्काची ओळ बिघडली. ती अशी होती:

```
वार्षिक शुल्क रु. 250\*

\* ज्येष्ठ नागरिकांस सवलत
```

बॅकस्लॅश गेल्यावर संकेतस्थळावर 250 च्या पुढचा तारा शिल्लक राहिला, पण खालच्या ओळीचा तारा जाऊन तिथे काळा ठिपका आला. आता वरचा तारा कशाकडे बोट दाखवतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन सभासदांनी आज तेच विचारले.

महालवाला

अंडरस्कोअरचा बॅकस्लॅश मुळात अनावश्यकच होता, असे यावरून दिसते. ताऱ्याचा मात्र लागतो.

लिपिकार

महालवाला भाऊ, तुमचे म्हणणे कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित रूपापुरते खरे आहे. शब्दाच्या पोटात असलेला अंडरस्कोअर तिथे तिरपे अक्षर करत नाही, म्हणून `sadasya_arj` मोकळे राहिले तरी बिघडत नाही. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये जी मूळ मार्कडाउन आज्ञावली दिली, ती मात्र शब्दातल्या अंडरस्कोअरलाही अर्थ देत असे. `sadasya_arj_2025` मधले दोन्ही अंडरस्कोअर तिथे गायब होऊन 'arj' तिरपे झाले असते. खिडक्या बनवणारे दोन्ही शक्यता धरून सरसकट बॅकस्लॅश लावतात, आणि म्हणून मजकुरात गरजेपेक्षा जास्त बॅकस्लॅश दिसतात.

ताऱ्याचे तसे नाही. ओळीच्या सुरुवातीला तारा आणि त्यापुढे मोकळी जागा आली की ती यादी समजली जाते. 250 ला चिकटलेल्या ताऱ्याला जोडीदार सापडत नाही म्हणून तो वाचला. खालच्या ताऱ्याला बॅकस्लॅशच हवा.

तुमच्या पहिल्या उत्तरातल्या 'सगळे बॅकस्लॅश काढा' या उपायाबद्दलही बोलतो. फलकापुरता तो या सूचनेला चालेल. पण मजकुरात एखादा खराखुरा बॅकस्लॅश असेल, तर तोही जाईल. 'कार्यालयातल्या संगणकावर `D:\Suchana\Juni` मध्ये पाहा' असे लिहिले असेल, तर हाती `D:SuchanaJuni` येईल. मार्कडाउनचा नियम इतका आंधळा नाही. बॅकस्लॅशच्या पुढे अक्षर किंवा अंक आला, तर तो बॅकस्लॅश तसाच दिसतो. कॉमनमार्कमध्ये तो फक्त इंग्रजी कळफलकावरच्या 32 विरामचिन्हांपुढे उतरवला जातो. काढायचेच असेल तर तेवढेच काढा:

```
re.sub(r'\\([!-/:-@\[-`{-~])', r'\1', s)
```

यातही एक अडचण उरते. `D:\Suchana\_juni` अशा पत्त्यात खरा बॅकस्लॅश अंडरस्कोअरला लागून येतो आणि तो खुणेचा समजून काढला जातो. संकेतस्थळसुद्धा तिथे तेच करते. अशा जागी दोन बॅकस्लॅश लिहिल्याशिवाय एक दिसत नाही.

मास्तरीण

मला माझ्या शाळेच्या इतिहासाचे पान आठवले. प्रत्येक परिच्छेद वर्षाने सुरू होत होता. '1953. याच वर्षी नागपूर करार झाला' असे मी लिहिले आणि पानावर 1953 क्रमांकाची यादी सुरू झाली. पुढचा परिच्छेद '1956.' ने सुरू होता, तो 1954 म्हणून छापला गेला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारले की धम्मदीक्षेचे वर्ष तुम्ही चुकीचे कसे लिहिले. मी लिहिलेले वर्ष बरोबर होते, हे पटवून द्यायला मला मूळ मजकूर त्यांच्यासमोर उघडावा लागला.

मग कोणीतरी सांगितल्यावरून अंकानंतर बॅकस्लॅश देऊन `1956\.` असे केले. पान सुधारले, पण तोच मजकूर भित्तिपत्रकासाठी साध्या फाइलमध्ये उतरवला तेव्हा सगळ्या वर्षांपुढे रेघा आल्या. शेवटी मी देवनागरी अंक वापरले. '१९५६.' लिहिल्यावर यादी होत नाही, असे मला आढळले. हे नेहमीच खरे असते का?

लिपिकार

होय, मास्तरीणबाई, क्रमांकित यादीसाठी फक्त 0 ते 9 हे अंक धरले जातात. देवनागरी अंक मार्कडाउनच्या दृष्टीने सामान्य अक्षरे आहेत, त्यामुळे तिथे बॅकस्लॅशची गरज नाही आणि कोणत्याही फलकावर काही उमटणारही नाही. तुमचे वर्ष बदलले याचे कारण असे की यादीचा फक्त पहिला अंक पाळला जातो, पुढचे अंक एकेकाने वाढवून छापले जातात. ग्रुबर यांच्या मूळ आज्ञावलीत तर पहिलाही पाळला जात नसे, तिथे 1953 च्या जागी 1 आला असता.

सीताबर्डी

मी रुपयाच्या चिन्हाआधीही बॅकस्लॅश देत असे, म्हणजे `\₹250`. तो संकेतस्थळावरही दिसतो. आमच्या दुकानाच्या दरपत्रकात तो महिनाभर तसाच राहिला.

लिपिकार

ते चिन्ह त्या 32 मध्ये नाही. डॉलरपुढचा बॅकस्लॅश उतरतो, रुपयापुढचा उतरत नाही, आणि दंडापुढचाही नाही. रुपयाच्या चिन्हाला मार्कडाउनमध्ये खास अर्थच नसल्यामुळे त्याला बांधायची वेळ येत नाही. बॅकस्लॅश काढून टाका.

मुद्रितशोधक

मी सुरुवातीला प्रश्न चुकीचा समजलो होतो, हे मान्य करतो. पण ग्रंथपालबाईंना आता ताऱ्याआधीचा बॅकस्लॅश हाताने टंकायचा आहे, तेव्हा माझी सूचना कदाचित उपयोगी पडेल. इनस्क्रिप्टमध्ये असताना ती कळ दाबली तर `ॉ` पडेल, आणि ओळीच्या सुरुवातीला मागे व्यंजन नसल्याने ती मात्रा ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसेल. तसा गोल दिसला की मांडणी बदलायची राहिली आहे असे समजावे. तारासुद्धा त्या मांडणीत नाही, शिफ्ट आणि 8 दाबल्यावर 'श्र' येतो. म्हणून दोन्ही चिन्हे इंग्रजीत जाऊन एकदमच टंकावीत.

ग्रंथपाल

काका, आपला गोल मला आजच भेटला. मी त्याला फाँटचा दोष समजून फाँट बदलत बसले होते. आभारी आहे.

मी आणखी एक प्रयोग केला. पत्ता उठून दिसावा म्हणून तो उलट्या एकेरी अवतरणांत, म्हणजे कोडच्या खुणेत घातला. बॅकस्लॅश तसाच ठेवला होता, आणि तो संकेतस्थळावर पुन्हा दिसू लागला.

महालवाला

कोडच्या खुणेत बॅकस्लॅशला काही अर्थ राहत नाही, तिथे आहे तेच दाखवले जाते. त्या खुणेत घातले की बॅकस्लॅश काढून टाकायचा. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण मी स्वतः त्यात अडकलो होतो.

लिपिकार

अगदी बरोबर. मात्र फलकावर त्या उलट्या अवतरणांच्या खुणाही छापल्या जातील, म्हणून त्याने ताईंचे काम भागणार नाही. तोच न्याय ठळक अक्षरांच्या दोन ताऱ्यांना लागतो. बॅकस्लॅश तेवढे काढले आणि बाकीचे मार्कडाउन तसेच फलकाकडे पाठवले, तर दुखणे अर्धेच बरे होते. फलकाकडे जाण्याआधी मजकूर मार्कडाउन म्हणून पूर्ण वाचला गेला पाहिजे आणि मग त्याचा साधा मजकूर झाला पाहिजे. पँडॉक हे साधन ते करते:

```
pandoc -f commonmark -t plain --wrap=none suchana.md
```

यात ठळक खुणा जातात, बॅकस्लॅश उतरतात, आणि `\*` चा तारा मात्र राहतो, कारण तो मजकुराचा भाग आहे. मर्यादा एवढीच की शब्दांमागे दडवलेल्या दुव्याचा पत्ता साध्या मजकुरात येत नाही, फक्त शब्द येतात. 'येथे अर्ज मिळेल' अशा दुव्याचा फलकावर उपयोग नाही. पत्ता उघड लिहिलेला असावा.

ऑरेंजसिटी

लिपिकार सर, एक शंका आहे. त्या सभासदांनी पत्ता बॅकस्लॅशसकट टंकला, तेव्हा ब्राउझरने तो दुर्लक्षित का केला नाही? एक जादा चिन्ह पाहून त्याला कळायला हवे होते, असे वाटते.

लिपिकार

ब्राउझर http आणि https पत्त्यांतल्या बॅकस्लॅशला साधा स्लॅश मानतो. `/arj/sadasya\_arj.pdf` टंकले की त्याचे `/arj/sadasya/_arj.pdf` होते, म्हणजे तो 'sadasya' नावाच्या कप्प्यात '_arj.pdf' शोधायला जातो. तसा कप्पा नाही, म्हणून पान सापडत नाही. ताईंच्या सर्व्हरच्या नोंदवहीत असे पत्ते शोधले, तर फलकावरून पत्ता उतरवून घेणारे आणखी किती जण असे परत गेले तेही कळेल.

ग्रंथपाल

नोंदवही मागवून पाहिली. जुलैपासून तो चुकीचा पत्ता अकरा वेळा मागितला गेला आहे. त्यातल्या काही खेपा एकाच माणसाच्या असतील, पण आमच्या वाचनालयासाठी अकरा हा लहान आकडा नाही. सहाय्यकाला सांगून `/arj/sadasya/_arj.pdf` मागितले तरी अर्जच उघडेल, अशी सोय करून घेतली आहे.

मास्तरीण

ताई, हे फार छान केलेत. पण फाइलचे नावच `sadasya-arj.pdf` केले, तर पुढचा सगळा प्रश्न मिटणार नाही का? शब्दातल्या आडव्या रेघेला बॅकस्लॅश लागत नाही ना?

महालवाला

माझा मास्तरीणबाईंना पूर्ण पाठिंबा आहे. जे चिन्ह बांधावे लागते ते वापरूच नये. नावात आडवी रेघ, वर्षाला देवनागरी अंक आणि ताऱ्याऐवजी 'टीप' हा शब्द. मग फलक कोणताही असो, मजकूर सारखाच दिसेल आणि पँडॉकही लागणार नाही.

लिपिकार

मार्कडाउनमध्ये शब्दातली आडवी रेघ मोकळी चालते, हे खरे. पण ऑरेंजसिटींच्या टेलिग्रामला तीही बांधून लागते, त्यामुळे 'कोणताही फलक' म्हणता येत नाही. शिवाय माझा आक्षेप असा की कोणते चिन्ह धोक्याचे आहे हे सूचना लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे, ही अपेक्षाच मला योग्य वाटत नाही. ग्रंथपालांनी तारा लिहिला तर तारा दिसावा. ते काम प्रोग्रॅमचे आहे.

महालवाला

सर, तत्त्वतः मान्य आहे. पण व्यवस्था बसवणारे दुरुस्तीला येईपर्यंत वाचनालयाने काय करावे? दुरुस्ती होईपर्यंत तरी लिहिणाऱ्यानेच सांभाळले पाहिजे. माझे मत बदललेले नाही.

ग्रंथपाल

आज व्यवस्था बसवणाऱ्यांपैकी एक जण येऊन गेले. सूचना उघडताना बॅकस्लॅश उतरवण्याची पायरी त्यांनी घातली आणि फलक व एसएमएस या दोन्हींकडे जाण्याआधी साधा मजकूर करण्याची सोय केली. तपासण्यासाठी मी मुद्दाम एक सूचना लिहिली. तिच्यात अंडरस्कोअर, ओळीच्या सुरुवातीचा तारा, वर्षाने सुरू होणारा परिच्छेद आणि एक खरा बॅकस्लॅश घातला. ती पाच वेळा उघडून काहीही न बदलता जतन केली. साठवलेला मजकूर पहिल्या जतनानंतर बदलला नाही आणि तिन्ही ठिकाणी तो मी लिहिला तसाच दिसला.

जुन्या सूचना मात्र उरल्या आहेत. साधारण चाळीस असतील. काहींत एक बॅकस्लॅश आहे, काहींत तीन, आणि संगणककक्षाच्या एका सूचनेत फोल्डरचा खरा पत्ताही आहे. त्या सगळ्या एकदम दुरुस्त करता येतील का?

लिपिकार

सगळ्या एकदम नकोत. एकाच सूचनेतल्या सर्व खुणा बहुधा सारख्याच वेळा बांधल्या गेल्या असतील, कारण जतन पूर्ण सूचनेचे होते. म्हणून प्रत्येक सूचनेत आधी असा अंडरस्कोअर किंवा तारा शोधा, ज्याच्या मागे मुळात बॅकस्लॅश नव्हता याची तुम्हाला खात्री आहे. त्याच्या मागे तीन असतील तर मी वर दिलेली बॅकस्लॅश काढणारी ओळ त्या सूचनेवर एकदा चालवा, सात असतील तर दोनदा, आणि एक असेल तर हात लावू नका. मात्र नंतर कोणी एखादी नवी ओळ जोडली असेल, तर ती ओळ कमी वेळा बांधलेली असते आणि हा हिशेब तिथे चुकतो. फोल्डरच्या पत्त्याची सूचना तर हातानेच करा. तिथला कोणता बॅकस्लॅश खरा आणि कोणता खुणेचा, हे ज्याने ती लिहिली त्यालाच विचारावे लागेल.

ग्रंथपाल

ती आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी लिहिली होती. ते आता वर्धेला असतात. उद्या त्यांना फोन करते.